पुठ्ठ्याचे घड्याळ आणि उलगडणारी मिनिटपट्टी: दुसरीच्या मुलांना वेळ आणि कालावधी शिकवण्याचा एक पाठ

पुठ्ठ्याची तबकडी, दोन काटे आणि मध्ये एक पिन, असे घड्याळ बहुतेक शिक्षक एकदा तरी करतात. ते तासाभरात तयार होते, मुलांना आवडते, आणि त्यात एक मोठी उणीवही राहून जाते. खऱ्या घड्याळात दोन्ही काटे आतून दात्यांच्या चाकांनी एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे मिनिटकाटा अर्धा फेरा करतो तेव्हा तासकाटा आपोआप अर्धे घर पुढे सरकतो. पुठ्ठ्याचे काटे सुटे असतात. साडेतीन दाखवायला सांगितले की मूल तासकाटा थेट ३ वर ठेवते, मिनिटकाटा ६ वर ठेवते, आणि आपण ‘बरोबर’ म्हणून पुढे जातो. या चुकीची सवय कशी अंगवळणी पडते, ते मला एका मुलीच्या उत्तरातून कळले. भिंतीवरच्या घड्याळात २:५५ वाजले होते आणि ती पूर्ण खात्रीने म्हणाली, “तीन पंचावन्न.” मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “बाई, लहान काटा तर तीनावरच आहे की.” तिने जे पाहिले ते खरेच होते. तासकाटा अंकाकडे हळूहळू सरकत येतो, हे आमच्या पुठ्ठ्याच्या घड्याळाने तिला कधी दाखवलेच नव्हते.

दुसरी अडचण कालावधीची आहे. ‘तीन चाळीसपासून पाच दहापर्यंत किती वेळ गेला’ हे गोल तबकडीवर मोजताना मूल गोंधळते, कारण मोजणी एका फेऱ्यात संपत नाही आणि झालेला फेरा मागे कोठे दिसत नाही. संख्यारेषेवर हेच काम सोपे असते, परंतु संख्यारेषा आणि घड्याळ ही मुलाच्या डोक्यात दोन वेगळी प्रकरणे असतात. म्हणून खाली दिलेल्या घड्याळाची कडा सुटी होते आणि टेबलावर सरळ पसरता येते. मिनिटांची गोल कडा हीच संख्यारेषा आहे, हे मूल स्वतःच्या हातांनी उलगडून पाहते, आणि या पाठाचा सारा भर त्यावरच आहे.

मापे आणि साहित्य

एका मिनिटाला एक सेंटिमीटर, हे माप धरावे. साठ मिनिटांची पट्टी ६० सेंटिमीटर होते, आणि ती ज्या तबकडीभोवती नेमकी बसेल तिचा व्यास ६० भागिले ३.१४, म्हणजे सुमारे १९.१ सेंटिमीटर येतो. त्रिज्या साडेनऊ सेंटिमीटरहून अर्धा मिलिमीटर जास्त ठेवावी. येथे काळजी घेणे फार आवश्यक आहे, कारण त्रिज्येत एक मिलिमीटरची चूक झाली की परिघात सहा मिलिमीटरांहून थोडा अधिक फरक पडतो आणि शून्य व साठ या खुणा एकमेकींवर येत नाहीत.

प्रत्येक घड्याळासाठी खोक्याचा पन्हळी पुठ्ठा लागेल: २४ सेंटिमीटर बाजूचा एक चौरस आणि वरील मापाच्या दोन गोल चकत्या. पट्टीसाठी कार्डशीट घ्यावी. तिच्यातून ६१ सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी कापावी. एवढा लांब कागद नसेल तर दोन तुकडे ३० व्या मिनिटाच्या खुणेवर मागून कागद चिकटवून जोडावेत. काट्यांसाठी जाड कार्ड, मध्यभागासाठी दोन पाय फाकवून मागे वळवायची पिन, आणि पट्टीचे टोक धरायला एक यू-पिन, एवढे पुरते. तशी पिन नसल्यास जाड दोरा आणि सपाट बटण वापरून काटे बसवता येतात. पन्हळी पुठ्ठा कापण्याचे काम मोठ्यांनीच आधी करून ठेवावे, कारण तो मुलांच्या कात्रीने चेपतो आणि कडा वेडीवाकडी होते. मुलांनी करायचे काम पट्टीवर खुणा करण्याचे आहे, आणि ते त्यांनीच करावे.

पट्टी आधी, तबकडी नंतर

पट्टीच्या डाव्या टोकाशी ० ची रेघ असेल आणि तेथून प्रत्येक सेंटिमीटरवर एक लहान रेघ काढायची. प्रत्येक पाचवी रेघ लांब काढून तिच्याखाली ०, ५, १०, १५ असे ६० पर्यंत अंक लिहायचे. रेघा पट्टीच्या वरच्या कडेपर्यंत न्याव्यात, कारण पट्टी उभी राहिल्यावर प्रथम ती कडाच दिसते. साठनंतर उरलेला एक सेंटिमीटर कोरा ठेवायचा. जोडताना तो शून्याच्या मागे जाईल.

येथे दोन चुका हमखास होतात. काही मुले मोजपट्टीच्या शून्याऐवजी तिच्या कडेपासून मोजू लागतात, तर काही मुले ३० सेंटिमीटरनंतर मोजपट्टी सरकवताना शून्य ३० च्या रेघेवर न ठेवता तिच्या पुढच्या रेघेवर ठेवतात. दोन्ही चुका डोळ्यांना लगेच कळत नाहीत. म्हणून शिक्षकाने स्वतःची एक अचूक पट्टी तयार ठेवावी आणि प्रत्येक मुलाने आपली पट्टी तिच्याशेजारी लावून ३० आणि ६० या दोन खुणा जुळतात की नाही हे पाहावे. जुळत नसल्यास मागच्या बाजूने पुन्हा आखायला सांगावे. चुकीच्या पट्टीने पुढचे सर्व उत्तर चुकते, आणि चूक पट्टीची की मुलाची हे मग शोधता येत नाही.

आता चौरसाच्या मध्यभागी दोन्ही चकत्या एकावर एक चिकटवाव्यात आणि पट्टी त्यांच्या कडेभोवती उभी गुंडाळावी. पट्टी चौरसावर टेकते, त्यामुळे खाली घसरत नाही, आणि तबकडीच्या वर सुमारे दोन सेंटिमीटर उंचीची भिंत उभी राहते. आकडे या भिंतीच्या आतल्या बाजूस आले पाहिजेत. बाहेरच्या बाजूस आले तर समोरून पाहताना मिनिटे उलट दिशेने वाढत जातात. एकदा घाईत मी सगळ्या वर्गाच्या पट्ट्या उलट्या गुंडाळून घेतल्या होत्या आणि तो तास त्या सोडवून पुन्हा बसवण्यातच गेला. म्हणून गुंडाळण्याआधी प्रत्येक मुलाला ‘आकडे पोटाकडे’ एवढे म्हणायला लावते. टोक यू-पिनेने धरायचे, चिकटवायचे मुळीच नाही. साठ आणि शून्य एकमेकांवर आले की तबकडी नीट झाली. फट उरली तर तबकडी मोठी आहे, तिची कडा घासून कमी करावी. साठची रेघ शून्याच्या पुढे गेली तर तबकडी लहान आहे, तेव्हा तिच्या कडेला कागदी चिकटपट्टीचे एकदोन वेढे द्यावेत.

या क्षणी मुलांना थांबवून साठ आणि शून्य एकाच जागी आलेले दाखवावे. तास संपतो तेथेच नवा तास सुरू होतो, हे शब्दांत समजावण्यापेक्षा दोन रेघा एकावर एक आलेल्या पाहणे त्यांना सोपे जाते.

तबकडीचे बारा भाग करायला आता कोनमापकाची गरज उरत नाही. पट्टीवरच्या प्रत्येक लांब रेघेसमोर तबकडीच्या कडेवर खूण करावी आणि ती खूण मध्यबिंदूशी रेघेने जोडावी. शून्याच्या रेघेवर १२, पाचच्या रेघेवर १, दहाच्या रेघेवर २, असे तासांचे अंक मध्यापासून साधारण साडेसहा सेंटिमीटरवर लिहावेत. मग रंग भरावा. ३ च्या रेघेपासून ४ च्या रेघेपर्यंतचा पाचरीसारखा भाग हे ‘तीनचे घर’. अंक ३ आणि हे घर एकाच रंगात रंगवावे, शेजारचे घर दुसऱ्या रंगात. प्रत्येक घराच्या मधोमध एक फिकट रेघही काढावी, ती पुढे साडेच्या वेळी लागेल.

तासकाटा पाच सेंटिमीटर लांब आणि रुंद ठेवावा, म्हणजे त्याचे टोक अंकांच्या अलीकडे थांबते. मिनिटकाटा पावणेनऊ सेंटिमीटर लांब आणि अरुंद असावा. त्याचे टोक भिंतीच्या जवळ पोहोचते, पण तिला घासत नाही. तासकाटा खाली, मिनिटकाटा वर, आणि दोघांमध्ये जुन्या प्लास्टिकच्या फाइलमधून कापलेली छोटी गुळगुळीत चकती घालावी, नाहीतर मिनिटकाटा फिरवताना तासकाटाही ओढला जातो. घड्याळ उभे धरल्यावर काटे जागचे हलता कामा नयेत. ते खाली लोंबू लागले तर पिनेचे पाय मागून अधिक घट्ट दाबावेत.

पहिले दिवस: एकट्या तासकाट्याने वाचन

पहिल्या तासाला मिनिटकाटा लावूच नये, आणि पट्टीही काढून ठेवावी. केवळ तासकाटा फिरवून दोनच प्रश्न विचारावेत: काटा कोणाच्या घरात आहे, आणि घरात नुकताच शिरला आहे, मध्यावर आहे, की बाहेर पडण्याच्या बेतात आहे? ३ ची रेघ नुकतीच ओलांडली असेल तर ‘तीन वाजून थोडा वेळ झाला’, फिकट रेघेवर असेल तर ‘साडेतीन’, आणि ४ च्या अगदी अलीकडे असेल तर ‘चार वाजायला आले’. एकट्या तासकाट्याने इतकी वेळ वाचता येते हे पाहून मोठ्यांनाही आश्चर्य वाटते. तासकाटा हाच घड्याळाचा मुख्य काटा आहे आणि मिनिटकाटा फक्त बारकावा सांगतो, ही समज येथेच पक्की होते. मुलाला २:५५ सारखी स्थिती दाखवल्यावर ते ‘अजून दोनच्याच घरात आहे’ असे म्हणाले की पुढे जायला हरकत नाही. ‘तीन’ असे उत्तर आले तर आणखी एक दिवस याच पायरीवर द्यावा.

दुसऱ्या दिवशी पट्टी आणि मिनिटकाटा बसवून तासकाटा काढून ठेवावा. मुलांना पाचचा पाढा येत असतो, तो म्हणत मिनिटकाटा रेघेमागून रेघ पुढे न्यावा. तबकडीवरचा ४ हा अंक मिनिटकाट्यासाठी ‘चार’ नसून ‘वीस’ आहे, ही अडचण पट्टीमुळे बरीच हलकी होते, कारण काट्याच्या टोकापुढे भिंतीवर २० हा अंक प्रत्यक्ष लिहिलेला असतो. अंकांच्या मधल्या वेळा, उदाहरणार्थ २३ मिनिटे, वाचताना २० पासून पुढे एकेक रेघ मोजायला लावावे. शून्यापासून एकेक मोजणाऱ्या मुलाला पाचच्या टप्प्यांचा सराव आणखी हवा आहे.

तिसऱ्या दिवशी दोन्ही काटे एकत्र येतात. जोडीने काम करावे: एक मूल मिनिटकाटा शून्यापासून हळूहळू फिरवते, दुसरे त्याच वेळी तासकाटा त्याच्या घरातून पुढे नेते. मिनिटकाटा १५ वर थांबला की तासकाटा घराच्या पाव भागात, ३० वर फिकट रेघेवर, ४५ वर पाऊण घरात, आणि मिनिटकाटा पुन्हा शून्यावर आला की तासकाटा नेमका पुढच्या अंकावर. खऱ्या घड्याळातल्या चाकांचे काम येथे दुसरे मूल करते. या दिवसापासून तासकाटा अंकावर ठेवून दाखवलेले ‘साडेतीन’ चूक मानावे, आणि ते का चूक आहे हे मुलाकडूनच वदवून घ्यावे.

याच दिवशी भाषेकडेही लक्ष द्यावे लागते. सव्वातीन आणि साडेतीन या शब्दांत घराचे नाव आहे, परंतु पावणेचार म्हणताना आपण चारचे नाव घेतो आणि काटा मात्र तीनच्या घरात असतो. मूल पावणेचारला ४:४५ लिहिते ते या शब्दामुळे. ‘चारला पाव तास उणा’ असा अर्थ उलगडून, काटा चारच्या रेघेपासून पाव घर मागे ठेवून दाखवावा. साडेएक आणि साडेदोन असे आपण म्हणत नाही, त्याऐवजी दीड आणि अडीच म्हणतो. १:१५ ला नुसते ‘सव्वा वाजला’, तर १२:४५ ला ‘पाऊण वाजला’ म्हणतो. हे चार शब्द नियमात बसत नाहीत, म्हणून ते शेवटी आणि वेगळे शिकवावेत. नियम पक्का होण्याआधी अपवाद दिले तर दोन्ही डळमळीत राहतात.

कालावधी: पट्टी उलगडणे

मूल कोणतीही वेळ पाच मिनिटांच्या अंतराने बिनचूक वाचू लागले की कालावधीला हात घालावा, त्याआधी नाही. सुरुवात एकाच तासातल्या कालावधीने करावी. ३:१० ते ३:३५ किती वेळ? यू-पिन काढून पट्टी सरळ पसरावी, १० वर एक बटण ठेवावे, ३५ वर दुसरे, आणि मधल्या उड्या पाचपाचने मोजाव्यात. पाच उड्या, पंचवीस मिनिटे. येथे पुष्कळ मुले तीस असे उत्तर देतात, कारण ती १० ची खूणही मोजतात. अशा वेळी बोटाने १० वर टेकून ‘अजून किती वेळ गेला?’ असे विचारावे. उत्तर ‘काहीच नाही’ असे यायला हवे. मोजायचे आहे ते दोन खुणांमधले अंतर, खुणा नव्हेत, हे वाक्य या टप्प्यावर अनेकदा उच्चारावे लागते.

आता तास ओलांडणारे उदाहरण घेऊ: ३:४० ला सुरू झालेले काम ५:१० ला संपले. यासाठी तीन मुलांनी आपापल्या पट्ट्या एकत्र आणाव्यात. कागदाच्या चिठ्ठ्यांवर ३, ४ आणि ५ लिहून प्रत्येक पट्टीच्या वर एक ठेवावी. पहिली पट्टी तीनचे घर, दुसरी चारचे, तिसरी पाचचे. पहिलीच्या ६० वर दुसरीचा ० ठेवावा, दुसरीच्या ६० वर तिसरीचा ०. जमिनीवर १८० सेंटिमीटर लांब, तीन तासांची एक रेषा तयार होते. पहिल्या पट्टीच्या ४० वर एक बटण आणि तिसऱ्या पट्टीच्या १० वर दुसरे बटण ठेवावे.

मोजणी तीन उड्यांत होते. पहिली उडी ३:४० पासून ४:०० पर्यंत, २० मिनिटे. दुसरी उडी ४:०० पासून ५:०० पर्यंत, म्हणजे चारची अख्खी पट्टी, एक तास. तिसरी उडी ५:०० पासून ५:१० पर्यंत, १० मिनिटे. एकूण एक तास तीस मिनिटे. प्रत्येक उडीचा अर्थ मुलाला दिसतो: आधी चालू घर संपवायचे, मग पूर्ण घरे मोजायची, मग शेवटच्या घरात जितके आत शिरलो तितके जोडायचे.

यानंतर एक दोरा घ्यावा. एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंत ताणून तो कापावा. त्याची लांबी ९० सेंटिमीटर भरते. मुले तो एका पट्टीशेजारी ठेवून पाहतात: एक पूर्ण पट्टी आणि वर ३० सेंटिमीटर. मग पट्टी पुन्हा घड्याळाभोवती बसवून तोच दोरा भिंतीच्या बाहेरून ४० च्या रेघेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावा. दोरा एक पूर्ण वेढा घेऊन पुन्हा ४० वर येतो आणि तेथून आणखी पुढे जाऊन १० वर संपतो. गोल घड्याळातला जो फेरा आधी दिसत नव्हता, तो आता दोऱ्याच्या रूपाने हातात असतो. माझ्या अनुभवात मुले येथे गप्प होतात, आणि मग कोणीतरी दोरा सोडून पुन्हा गुंडाळून पाहते. त्यासाठी वेळ द्यावा, पुढच्या उदाहरणाची घाई करू नये.

वहीत हेच काम एका आडव्या रेघेने मांडावे. तिच्यावर ३:४०, ४:००, ५:००, ५:१० अशा चार खुणा, आणि वर कमानींमध्ये २० मिनिटे, १ तास, १० मिनिटे. रेघेवर अंतरे मापात असण्याची आता गरज नसते. काही दिवसांनी मुले पट्टी न पसरता अशी रेघ काढू लागतात, आणि पट्टीचे काम तेथे संपते.

हातच्याची वजाबाकी येणारी मुले मात्र एक वेगळीच चूक करतात. ती ५:१० मधून ३:४० उभी मांडणी करून वजा करतात, ५१० मधून ३४० गेले तर १७० उरतात, आणि उत्तर ‘एक तास सत्तर मिनिटे’ असे लिहितात. त्यांनी एक तास मोडून त्याचे शंभर केले, प्रत्यक्षात तो मोडल्यावर साठ मिनिटे मिळतात. उत्तरात साठ किंवा त्याहून जास्त मिनिटे आली की कोठेतरी चूक आहे, हे मुलाला पट्टीवर दाखवावे: पट्टी साठवर संपते, तिच्यावर सत्तर ही खूणच नाही. तरीही दुसरीत उभ्या मांडणीने कालावधी काढायला शिकवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. उड्यांची पद्धत चुकली तर मूल स्वतःच पट्टीवर तपासून पाहू शकते, उभी मांडणी चुकली तर त्याला तपासायला काहीच उरत नाही.

पुढची उदाहरणे अवघडपणाच्या क्रमाने द्यावीत. २:०० ते ५:०० मध्ये फक्त पूर्ण घरे आहेत. २:१५ ते ४:१५ मध्ये मिनिटे सारखी आहेत, म्हणून मिनिटकाटा दोन फेरे करून त्याच जागी येतो. ६:५० ते ७:१५ मध्ये एक तास ओलांडला आहे पण पूर्ण घर एकही नाही, आणि येथे मुले हमखास ‘एक तास’ मध्ये घालतात, कारण सहा आणि सात हे दोन अंक त्यांना दिसतात. सर्वांत शेवटी ११:५० ते १:२० द्यावे. त्यासाठी ११, १२ आणि १ या चिठ्ठ्यांच्या पट्ट्या लागतात, आणि बारानंतर तेराचे घर नसून एकचे आहे हे पट्ट्या मांडतानाच समोर येते. सकाळ, दुपार, रात्र यांचा भेद हे घड्याळ दाखवू शकत नाही, म्हणून बारा तासांहून मोठा कालावधी या साधनाने शिकवू नये.

शिकणे कितपत झाले ते पाहण्यासाठी मी शेवटी उलटा प्रश्न देते: काम ५:१० ला संपले आणि त्याला ४५ मिनिटे लागली, तर ते सुरू केव्हा झाले? मुलाने बटण ५:१० वर ठेवून आधी १० मिनिटे मागे ५:०० पर्यंत, मग चारच्या पट्टीवर आणखी ३५ मिनिटे मागे २५ पर्यंत नेले आणि ‘चार पंचवीस’ असे सांगितले, शिवाय तबकडीवर तासकाटा चारच्या घरात फिकट रेघेच्या किंचित अलीकडे ठेवला, तर त्याला घड्याळ वाचता येते.